फाउंडेशनला फाउंडेशनच म्हणावे

"नवं सर्टिफिकेट मिळालं आहे आणि नोकरीही शोधतोय. लिंक्डइनवर असं काय लिहू, की आत्मविश्वास दिसेल पण फुशारकी वाटणार नाही?"

खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या जागांसाठी उमेदवार निवडणे हे माझ्या कामाचा भाग असल्यामुळे अशा पोस्ट मी रोज वाचते. गेल्या महिन्यात हडपसरला राहणाऱ्या माझ्या भाच्याने आपला मसुदा दाखवला. तीन वर्षे मॅन्युअल टेस्टिंग केलेला हा मुलगा प्रकल्प संपल्यामुळे घरी बसला होता आणि त्याने सॉफ्टवेअर टेस्टिंगची प्रमाणपत्रे देणाऱ्या आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय संस्थेची फाउंडेशन लेव्हल परीक्षा उत्तीर्ण केली होती. मसुद्याची सुरुवात अशी होती: "अत्यंत आनंदाने आणि नम्रतेने कळवतो, की अथक परिश्रमांनंतर मी आता सर्टिफाइड टेस्टिंग एक्स्पर्ट झालो आहे."

या वाक्यातली नम्रता लग्नपत्रिकेतली आहे, ती सोडून देऊ. खरी अडचण 'एक्स्पर्ट' या शब्दात आहे. आयएसटीक्यूबीच्या रचनेत फाउंडेशन, ॲडव्हान्स्ड आणि एक्स्पर्ट अशा वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, त्यामुळे पहिल्या पायरीवरच्या माणसाने स्वतःला एक्स्पर्ट म्हणवणे ही नुसती बढाई राहत नाही, ती चुकीची माहिती ठरते. फाउंडेशनची परीक्षा ४० बहुपर्यायी प्रश्नांची आणि ६० मिनिटांची असते आणि उत्तीर्ण होण्यासाठी ४० पैकी २६ गुण लागतात. हे ठाऊक असलेला माणूस 'अथक परिश्रम' वाचून मनातल्या मनात हसतो. उलट 'फाउंडेशन लेव्हल' एवढेच नेमके लिहिले, तर लिहिणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत हे कळते, असे वाचणाऱ्याला वाटते.

भाच्याला मी एकच प्रश्न विचारला: "अभ्यासामुळे तुझ्या हातात काय बदललं?" बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने कर्जाच्या अर्जातल्या वयाच्या रकान्याचे उदाहरण दिले. अर्जदाराचे वय २१ ते ६० असावे अशी अट असेल, तर पूर्वी तो सुचतील ती दहा-बारा वये टाकून पाहत असे. आता सीमामूल्यांच्या पद्धतीने तो प्रथम २०, २१, ६० आणि ६१ ही चार तपासतो, कारण 'पेक्षा मोठे' आणि 'पेक्षा मोठे किंवा समान' यांतली प्रोग्रामरची गल्लत नेमकी याच काठावर उघडी पडते. मधल्या ३५ वर्षांच्या अर्जदाराला ती कधीच दिसत नाही. मी म्हटले, "हेच लिही, फक्त ज्या ग्राहकासाठी काम केलंस त्याचं नाव आणि त्याच्या ॲपमधला खरा दोष लिहू नकोस." गोपनीयतेचे भान नसलेला टेस्टर कोणालाच नको असतो.

शेवटी पोस्ट इंग्रजीत गेली, कारण रिक्रूटर इंग्रजी शब्द टाकूनच शोधतात. तिचा आशय असा होता:

"मी आयएसटीक्यूबी फाउंडेशन लेव्हल (आवृत्ती ४.०) ही परीक्षा उत्तीर्ण झालो आहे. तीन वर्षे मॅन्युअल टेस्टिंग करताना जे अंदाजाने करत होतो, त्याला या अभ्यासाने पद्धत दिली. उदाहरणार्थ, वयाची अट २१ ते ६० असेल, तर मी आता आधी २०, २१, ६० आणि ६१ तपासतो. पुण्यात मॅन्युअल किंवा एपीआय टेस्टिंगचे काम शोधत असून लगेच रुजू होऊ शकतो."

प्रमाणपत्राचे नाव पहिल्याच वाक्यात आहे, कारण फीडमध्ये सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि पुढचे वाचण्यासाठी मुद्दाम दाबावे लागते. तिथे आनंद आणि नम्रता भरली, तर मुख्य गोष्ट न दिसणाऱ्या भागात जाते. 'लगेच रुजू' हे तीन महिन्यांच्या नोटीस पीरियडला कंटाळलेल्या आमच्यासारख्यांसाठी आहे. एपीआय टेस्टिंगचा उल्लेख ठेवण्याआधी मात्र मी त्याला विचारून घेतले, कारण तो विषय या प्रमाणपत्राने सिद्ध होत नाही. शेवटच्या वर्षी त्याने ते काम प्रत्यक्ष केले होते, म्हणून तो उल्लेख राहिला.

गुण लिहावेत का, यावर आमचा थोडा वाद झाला. त्याला ४० पैकी ३३ मिळाले होते. मुलाखतीत विचारले तर सांगावेत, पोस्टमध्ये नकोत, असे माझे मत. मार्कशीट लावली की ती दहावीच्या निकालाची पोस्ट वाटू लागते. प्रमाणपत्राचा फोटोही त्याने काढून टाकला आणि क्रमांक व पडताळणीची लिंक प्रोफाइलमधल्या प्रमाणपत्रांच्या विभागात भरली, म्हणजे ज्याला खात्री करायची आहे तो तिथे जाऊन करेल.

हात जोडलेली इमोजी तेवढी त्याने हट्टाने ठेवली. मावशीचे सगळेच ऐकायचे नसते.