पॅडलविना शिलाई

माझे दोन्ही पाय पोलिओने गेलेले. घरातूनच कापडी पिशव्या शिवून विकायचं ठरवलं, तेव्हा पैशांच्या आधी पॅडलचा प्रश्न आला. शिवणक्लासमध्ये सगळी मशिनं पायाची. स्टार्ट-स्टॉप बटणाचं एकच होतं, तेही म्हणे बंद पडलेलं. खरं तर ते ठणठणीत होतं. अशा बहुतेक मशिनांना पॅडलची वायर जोडलेली असली की बटण चालतच नाही. वायर काढली आणि मशीन सुरू झालं.

बटणावर शिवताना वेग सरकपट्टीने आधीच ठरवावा लागतो. पायाने जसा मध्येच कमी-जास्त करता येतो, तसा सहज करता येत नाही. म्हणून कोपऱ्याच्या अलीकडे थांबायचं आणि शेवटचे टाके उजव्या हाताने मशीनचं चाक फिरवून घालायचे. थांबल्यावर सुई खालीच राहील अशी सोय असेल तर कापड वळवताना सरकत नाही. पिशवीचे बंद जिथे जोडतो तिथे कापडाचे चार थर येतात, तिथेही मी चाकच वापरते. कामाला वेळ लागतो, पण सुई मोडत नाही.

हे सगळं क्लासमध्येच कळल्यामुळे कर्जाचा अर्ज नीट लिहिता आला. कोटेशनमध्ये नुसतं ‘शिलाई मशीन’ न लिहिता बटणाचं मशीन, आणि खाली व्हीलचेअर जाईल असं टेबल, दोन्ही घातली. टेबल मागाहून आठवलं असतं तर ते खिशातून करावं लागलं असतं. मशीन-टेबलासाठी मुदत कर्ज मागितलं आणि कापड-दोऱ्यासाठी वेगळी कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे लागतील तसे पैसे उचलायचे आणि आले की परत भरायचे. कापडाचे पैसे विक्री झाली की परत येतात, मग त्यांचा हप्ता वर्षानुवर्षं कशाला फेडायचा? मर्यादेतून जेवढे उचलू तेवढ्यावरच व्याज लागतं. बँकेतल्या बाईंनी सुरुवातीचे सहा महिने हप्ता नको म्हणून सवलत देऊ केली. त्या काळातही व्याज चढतच राहतं, हे विचारल्यावर कळलं. मी तीनच महिने घेतले, कारण पहिल्या ऑर्डरी आधीच हातात होत्या.

जाहिरातीसाठी भाचीने सुंदर पोस्टर केलं, सगळी माहिती चित्रातच. एका अंध ओळखीच्यांनी फोन करून विचारलं, “ताई, तुम्ही नक्की काय विकता? माझा फोन नुसता ‘चित्र’ म्हणतो.” तेव्हापासून फोटोला पर्यायी मजकूर देते, म्हणजे फोन वाचून दाखवेल असं चित्राचं वर्णन. ‘सुंदर पिशवी’ असं लिहून उपयोग नसतो, म्हणून लिहिते: ‘खांद्याला अडकवायची जाड खाकी पिशवी, आत दोन कप्पे, वर चेन’. किंमत आणि माप पोस्टमध्येही टाइप करते. व्हिडिओत बोलते ते खाली अक्षरांतही येतं, आणि ऑर्डर फोनइतकीच मेसेजवरही घेते. ऐकू न येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी मेसेजची सोय ठेवली होती, पण आता बहुतेक जण मेसेजच करतात. मापं लेखी येतात, त्यामुळे “मी असं म्हटलंच नव्हतं” हा वाद उरलेला नाही.