डोळ्यांना न सापडलेला रफार

ठाण्यात आमचं डीटीपीचं छोटं ऑफिस आहे. एका प्रकाशकाचं इतिहासाचं पुस्तक ईपब या ई-बुकच्या फॉरमॅटमध्ये करून द्यायचं होतं, अंध वाचकांसाठी. त्यांनी पीडीएफ पाठवली. पानं देखणी, पण मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांचा चिवडा. जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट होता. त्यात अक्षरांची फक्त चित्रं मराठी असतात, आतले कोड रोमन. मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर चित्रं बघत नाही, कोड वाचतो.

कन्व्हर्टरमधून युनिकोड मजकूर काढला, शीर्षकांना हेडिंगच्या स्टाइल दिल्या, भाषा मराठी नोंदवली. आमच्या दोन मुद्रितशोधकांनी वाचलं. ‘एस’ या तपासणी सॉफ्टवेअरनेही एक चूक दाखवली नाही.

मग वाशीहून आमच्या ताई आल्या. त्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर ऐकून पुस्तक तपासतात, आणि तेही अशा वेगाने की मला त्यातलं एक वाक्यही कळत नाही. दुसऱ्याच पानावर त्या थांबल्या. “दादा, हे ‘पाश्र्वभूमी’ काय आहे? पुढे ‘सामथ्र्य’ही आहे.”

मी स्क्रीनवर पाहिलं. पार्श्वभूमी, सामर्थ्य असंच डोळे वाचून मोकळे होत होते. अक्षरन् अक्षर तपासलं तेव्हा दिसलं. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो म्हणून नंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये ‘र्’ आख्ख्या जोडाक्षराच्या आधी हवा. कन्व्हर्टर त्याला एकच अक्षर मागे नेत होता, म्हणजे ‘थ्य’ ओलांडण्याऐवजी फक्त ‘य’ ओलांडून मध्येच घुसवत होता. साध्या ‘दुर्ग’, ‘मार्ग’मध्ये एकच अक्षर ओलांडायचं असतं, म्हणून ते बरोबर आले होते.

सगळं पुस्तक जोडाक्षराच्या मध्ये अडकलेला ‘र्’ शोधणाऱ्या या नमुन्याने चाळलं:

```
[क-ह]्र्[क-ह]
```

पण सापडेल ते सरसकट बदलता येईना. ‘स्वातंत्र्य’ आणि ‘दारिद्र्य’ या शब्दांत हाच क्रम बरोबर असतो, आणि इतिहासाच्या पुस्तकात स्वातंत्र्य पानोपानी. प्रत्येक जागा माणसानेच बघावी लागली. संध्याकाळपर्यंत ताई ऐकत होत्या, मी दुरुस्त करत होतो.

एसला दोष देता येत नाही. ते रचना तपासतं. शुद्धलेखन त्याचं काम नाही. राग येतो तो प्रकाशकाच्या “छापील प्रत नीट दिसते ना?” या उत्तराचा. छापील प्रत नीटच दिसते, म्हणून प्रकाशकाला चूक जाणवतच नाही आणि पुढचं पुस्तकही त्याच फॉन्टमध्ये लागतं. पहिल्यापासून युनिकोडमध्ये टाइप केलं असतं तर ही पायरीच लागली नसती.

आता ताईंनी ऐकल्याशिवाय मी फाइल पाठवत नाही. त्यांच्या कामाचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे लिहून पाठवलेत. प्रकाशकाचं उत्तर अजून आलेलं नाही.