प्रत्येक घराचा एक चौरस

बुद्धिबळाच्या पटावर चौरस किती, हा प्रश्न मी सातवीच्या वर्गाला दरवर्षी घालतो. पहिलं उत्तर ६४ येतं. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की अख्खा पटही चौरसच आहे, आणि ते ६५ होतं. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं वहीत ८५ लिहून दाखवलं. हे उत्तर चूक असलं तरी विचाराअंती आलेलं असतं, म्हणून मला ते फार आवडतं. एकेका घराचे ६४, २×२ चे १६, ४×४ चे ४ आणि अख्खा पट १, अशी तिची बेरीज होती. फरशा बसवाव्यात तसा तिनं पट कापला होता. एकमेकांवर चढणारे चौरस त्यातून निसटले, आणि ८ ला ३ नं भाग जात नाही म्हणून ३×३ चे तर तिनं धरलेच नाहीत.

अशा वेळी बोलून उपयोग नसतो. मी पुठ्ठ्यात तीन घरांएवढी चौकोनी खिडकी कापून ठेवली आहे, ती तिच्या हातात दिली. खिडकी पटाच्या डाव्या कडेला लावायची आणि एकेक घर उजवीकडे सरकवायची. निम्मा वर्ग आधीच ‘पाच जागा’ म्हणून मोकळा होतो, कारण ८ वजा ३ पाच. पण पाच वेळा सरकवायच्या आधीची पहिली जागाही मोजायची असते. आडव्या जागा सहा, उभ्याही सहा, म्हणून ३×३ चे चौरस ३६. हे एकदा हाताला कळलं की बाकीचं मुलं स्वतःच करतात: ६४, ४९, ३६, २५, १६, ९, ४, १. बेरीज २०४.

शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शकात याचं सूत्र छापलेलं असतं, n(n+1)(2n+1)/6, आणि क्लासला जाणारी मुलं ते धडाधड म्हणून दाखवतात. पटाच्या एका बाजूला किती घरं ती n ची किंमत, एवढंही त्यातल्या बऱ्याच जणांना सांगता येत नाही. सूत्र आधी देऊन टाकण्याच्या या घाईचा मला मनापासून राग येतो.

म्हणून मी लहान पटांपासून तक्ता करून घेतो: १, ५, १४, ३०, ५५, ९१, १४०, २०४. त्याच मुलीनं शेवटच्या दोन संख्यांवर बोट ठेवलं. “सर, सातच्या पटावरून आठच्या पटावर गेलं की बरोबर ६४ वाढतात. पण नवीन घरं तर पंधराच आली. मग ६४ कुठून?”

प्रश्न अचूक होता. ७×७ चा पट वरच्या डाव्या कोपऱ्यात धरा, उजवीकडे एक उभी रांग आणि खाली एक आडवी रांग जोडा. घरं १५ वाढतात. २×२ चे नवे चौरस १३, ३×३ चे ११, असं करत ८×८ चा १. विषम संख्यांची ही बेरीज ६४ होते, आणि मी फळ्यावर तेच मांडायला घेतलं होतं.

ती मात्र वहीतल्या पटावर पेन्सिल फिरवत होती. तिनं डावीकडून तिसऱ्या उभ्या रांगेतलं, खालून चौथं घर धरलं. ते वरचा डावा कोपरा मानून चौरस उजवीकडे आणि खाली सारखाच वाढवत नेला. चार घरांचा झाल्यावर तो खालच्या कडेला टेकला. त्याहून लहान चौरस कडेपर्यंत पोचत नाही, मोठा पटाबाहेर जातो. “सर, प्रत्येक घराचा एकच!” नवा चौरस म्हणजे उजव्या किंवा खालच्या कडेला टेकणारा चौरस, आणि प्रत्येक घरापासून तसा नेमका एकच निघतो. घरं ६४, म्हणून नवे चौरस ६४. माझ्या विषम संख्यांची गरजच उरली नाही.

मधल्या सुट्टीत मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं, तर ‘परीक्षेला येतं का हे?’ एवढंच विचारलं गेलं. गणित शिकवणाऱ्या माणसानं असं विचारावं याचं वाईट वाटलं.

घरी आल्यावर मी ८×५ चा पट काढला. आजवर मी वर्गसंख्यांच्या नमुन्यापाशी थांबत आलो होतो, आणि इथं तो नमुना मोडतो: एकेका घराचे ४०, मग २८, १८, १०, ४, एकूण १००. त्यात वर्गसंख्या एकच, शेवटची ४. पण तिची रीत लावून पाहिली तर ती जशीच्या तशी चालते. ७×४ च्या पटाला एक उभी आणि एक आडवी रांग जोडली की ४० घरं होतात, प्रत्येकाचा कडेला टेकणारा चौरस एक, म्हणून वाढ ४०. त्याआधीची वाढ २८, त्याआधीची १८, थेट ४×१ च्या पट्टीवरच्या चार चौरसांपर्यंत. म्हणजे मुळात पटाच्या घरांचीच बेरीज होत असते; पट चौरस असला की त्या वर्गसंख्या दिसतात. उद्याच्या तासाला ८×५ चा पट तिलाच देणार आहे, आणि फळ्यावर मी काहीच लिहिणार नाही.