आधी मुखडा की आधी अंतरा? एकच गाणं दोन्हीकडून लिहिताना

एकाच विषयावरचं गाणं मी आधी मुखड्यापासून आणि मग अंतऱ्यांपासून लिहून पाहिलं. विषय साधा: रात्री उशिरा घरी येणारी मुलगी आईला म्हणते, दार उघडं ठेव.

पहिल्या खेपेला मुखड्याची हुकलाइन पटकन सुचली, "दार उघडे ठेव". ती अडली क्रॉसलाइनला, म्हणजे अंतऱ्यातून मुखड्यावर परत आणणाऱ्या ओळीला. या ओळीचं यमक मुखड्याशी जुळावं लागतं आणि "ठेव"ला यमकं मोजकीच. देव, पेव, चेव झाले की संपलं. दुसऱ्या अंतऱ्यात ओढूनताणून "देव" आणावा लागला आणि गाणं विनाकारण भक्तिगीताकडे झुकलं. मग शब्द फिरवले: "ठेव दार उघडे". मात्रा दहाच राहिल्या, पण आता सापडे, तुकडे, पलीकडे असे शब्द हाताशी आले. म्हणून मुखडा पक्का करण्याआधी मी त्याच्या शेवटच्या शब्दाची निदान सहा यमकं कागदावर काढतो.

केहरव्यात बसवताना "ठेव" समेआधी उचलला आणि "दा" समेवर ठेवला. सम "उ"वर आणली की ऱ्हस्व स्वर ताणला जाऊन "ऊघडे" ऐकू येतं.

मुखडा आधी लिहिण्यातला मोठा धोका वेगळाच आहे. अंतरे मुखड्याचंच स्पष्टीकरण देत बसतात. पहिल्यात वाट पाहणं, दुसऱ्यातही वाट पाहणं. हे ओळखायला मी दोन्ही अंतऱ्यांची अदलाबदल करून गातो. काहीच बिघडलं नाही, तर दुसरा अंतरा नुसता भरतीचा आहे. इथे तसंच झालं, म्हणून दुसऱ्यात मुलगी कायमचं घर सोडून निघाली. शब्द तेच, पण आता "ठेव दार उघडे" म्हणजे परतीची वाट राहू दे.

दुसऱ्या खेपेला अंतरे आधी लिहिले. जिना, विझलेला दिवा, "चपला अजून उंबऱ्यापलीकडे" असे बारकावे आपोआप आले. मुलीचं निघून जाणंही ओघात आलं, त्यासाठी खटपट करावी लागली नाही. मुखडा मात्र लांबला: "मी परत येईन म्हणून तू दार उघडे ठेव". अंतऱ्यांनी सांगितलेलंच तो पुन्हा सांगत होता. "मी परत येईन म्हणून" काढून टाकलं तेव्हा कुठे त्यात जीव आला.

चालीवरचा परिणाम तर थेट ऐकू येतो. आपल्याकडे बहुधा अंतरा वर चढतो आणि मुखड्यावर येऊन विसावतो. हुकलाइन आधी केली की ती लक्षात राहावी म्हणून आपण तिलाच तार षड्जापर्यंत नेतो आणि अंतऱ्याला चढायला जागा उरत नाही. मी मुखडा मध्य सप्तकातल्या पंचमाच्या आत ठेवला. अंतरे आधी असले की चढ त्यांनीच घेतलेला असतो. मुखडा आपसूक खाली येतो, पण सपाट होण्याची भीती असते. तिथे सूर न वाढवता "दार"नंतर दोन मात्रांची विश्रांती ठेवली.