गुरुवारचा शुक्रवार

सकाळच्या सराव पेपरात बाकीचेही प्रश्न चुकलेत, पण डोक्यात हाच फिरतोय. 15 ऑगस्ट 1947 ला शुक्रवार होता, तर 26 जानेवारी 1950 ला कोणता वार? फॉर्म्युला पाठ होता, लावला. 1600 वर्षांचे ऑड डेज, म्हणजे सातने भागून उरणारे दिवस, शून्य, पुढच्या 300 चा एक, मग 50 वर्षं, त्यात 12 लीप, म्हणजे 62, सातने भागून उरले 6, जानेवारीच्या 26 चे 5. एकूण 12, बाकी 5, रविवार शून्य धरला की शुक्रवार. ऑप्शनमध्ये शुक्रवार होता, गोल काळा केला आणि पुढे गेलो.

उत्तर गुरुवार आहे.

चार वर्षं हेच करतोय मी. चार वर्षं. जाऊ दे.

संध्याकाळी अण्णांना प्रश्न वाचून दाखवला, ते म्हणाले, "अरे, शुक्रवार दिलाय ना, तिथनं मोज की." आणि मोजायलाच लागले. 48 चा फेब्रुवारी 29 चा, म्हणून दोन वार पुढे, 15 ऑगस्ट 1948 रविवार. 49 ला सोमवार. मग मूठ वळली, उंचवट्यावर 31, खाचेत 30, आणि प्रत्येक महिन्यातले सात-सात टाकत गेले: ऑगस्टचे राहिले 16 म्हणजे 2, सप्टेंबर 2, ऑक्टोबर 3, नोव्हेंबर 2, डिसेंबर 3, जानेवारीच्या 26 चे 5. झाले 17, म्हणजे 3. सोमवारनंतर तिसरा, गुरुवार.

माझं कुठे चुकलं ते तेव्हा दिसलं. जानेवारी 1950 मध्ये 1950 पूर्ण झालेलंच नसतं, वर्षं 49 धरायची. मोजताना ही चूक होऊच शकत नाही, कारण आपण त्या तारखेपर्यंत स्वतः चालत जातो. मला हेच लागलंय, की दिलेल्या शुक्रवाराकडे मी बघितलंसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात घड्याळाचंही असंच. 1:50 ला काट्यांमधला कोन, 30 × 1 आणि 5.5 × 50 यांतला फरक, आलं 245, टिक केलं. लहान कोन विचारला होता. घड्याळ नुसतं डोळ्यासमोर आणलं असतं तर मिनिटकाटा 10 वर, तिथून 12 पर्यंत 60 अंश, पुढे 1 पर्यंत 30, आणि 50 मिनिटांत तासकाटा सरकला 25, म्हणजे 115. तो ऑप्शन शेजारीच होता.

तरी फॉर्म्युला टाकून देणार नाही. वार दिलेलाच नसेल तर ऑड डेजशिवाय गती नाही. दिला असेल तर मोजायचं, एवढं आता मनाशी धरलंय आणि रडणं जरा कमी झालंय.

मघाशी 1 मे 1960 चा वार काढून बघितला, एकदा 1959 पूर्ण वर्षं धरून आणि एकदा त्या गुरुवारपासून मोजत, मूठ वळून. दोन्हीकडून रविवार आला. अण्णा झोपलेत, सकाळी सांगेन.