मेल वाचून त्याने खरंच रिव्हर्ट केलं

ऐरोलीतल्या आमच्या ऑफिसातून अमेरिकेतल्या एका क्लायंटच्या वेअरहाऊसचं सॉफ्टवेअर सांभाळतो. बदल कायम तिकडच्या रात्री टाकायचे, कारण तेव्हा माल हलत नाही, म्हणजे आमची सकाळची शिफ्ट. त्या दिवशी कुरियर कंपनीने मागितलेला लेबलचा नवीन फॉरमॅट टाकायचा होता. पहिल्या शिफ्टच्या पोराने साडेसातला व्यवस्थित टाकला, टेस्ट लेबल बघितलं, सगळं चोख. मग तिकडच्या ऑन-कॉल इंजिनियरला मेल केला. मी दुपारच्या शिफ्टला आलो आणि पावणेचारला तिकडून फोन, वेअरहाऊस उघडलंय, लेबलं जुन्याच फॉरमॅटमध्ये निघतायत, कुरियरचा स्कॅनर घेत नाही, ट्रक उभे.

लॉग उघडला तर आमचा बदल आठ चाळीसला काढून टाकलेला आणि तिकिटावर इंजिनियरची नोंद, ‘रिव्हर्टेड ॲज रिक्वेस्टेड’. म्हणजे आम्हीच मागितलं म्हणे! मग मेल काढला. जसाच्या तसा देतो: ‘लेबल चेंज इज डन टुडे मॉर्निंग ओन्ली. काइंडली व्हेरिफाय द सेम अँड रिव्हर्ट ॲट द अर्लिएस्ट. प्लीज डू द नीडफुल.’

तुम्हाआम्हाला यात काहीच खटकणार नाही. आज सकाळीच केलंय, तपासा, लवकर कळवा. पण हेच त्या माणसाच्या जागी बसून वाचा. ‘टुडे मॉर्निंग ओन्ली’ मधलं ओन्ली म्हणजे आपल्या ‘सकाळीच’ मधला च, जोर द्यायला लावलेला, पण त्याच्या कानाला ते ‘फक्त आज सकाळपुरतं’ असं लागतं, म्हणजे बदल तात्पुरता. वर त्याच्याकडे तेव्हा रात्रीचे पावणेअकरा, आणि ‘सकाळी’ बदल टाकायला त्याच्या कॅलेंडरात परवानगीच नव्हती. ‘द सेम’ म्हणजे आपलं सरकारी ‘सदर’, इथे सदर बदल. आणि रिव्हर्ट! आपल्याकडे, सिंगापूर-मलेशियातसुद्धा, रिव्हर्ट म्हणजे उत्तर दे. त्याच्याकडे रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला ने, आणि आमच्या धंद्यात तर ती रोजची क्रिया, कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटमध्ये `git revert` अशी कमांडच आहे. आता सलग वाचा, बदल फक्त सकाळपुरता होता, तो तपासा, लवकरात लवकर मागे घ्या, जे लागेल ते करा. एकही शब्द या अर्थाच्या आड येत नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

बदल परत टाकून लेबलं सुरू करायला फार वेळ लागला नाही. पण तेवढ्यात पोराने घाबरून दुसरा मेल टाकला, ‘वुई हॅव अ डाऊट, व्हाय यू रोल्ड बॅक’. त्याला फक्त शंका विचारायची होती, पण तिकडे डाऊट म्हणजे अविश्वास. इंजिनियरचा मॅनेजर मग कॉलवर जो तापला!

दुसऱ्या दिवशी आमच्या मॅनेजरने वीसेक शब्दांची बंदी-यादी फिरवली, नीडफुल नको, काइंडली नको. मला हे बिलकुल पटत नाही. नीडफुल ही काय आपण घडवलेली चूक नाही, इंग्रजांच्याच जुन्या कचेरीतली भाषा आहे, त्यांच्याकडे मागे पडली, आपल्याकडे टिकली. आणि ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर’ असं फाईलवर लिहिलं तरी काम होतं, कारण ती ज्या टेबलावर जाते त्या टेबलाला आपलं काम माहीत असतं. अमेरिकेतल्या रात्रपाळीच्या माणसाला ते कुठून माहीत असणार. नीडफुल काढून ‘प्लीज टेक ॲप्रोप्रिएट ॲक्शन’ लिहिलं तर बंदी पाळली जाते, पण काय करायचं ते त्याला तरीही कळत नाही.

म्हणून मी त्या पोराबरोबर बसून तोच मेल परत लिहिला. नवीन लेबल फॉरमॅट तुमच्या वेळेने रात्री दहापासून चालू आहे आणि तो कायमचा आहे. वेअरहाऊस उघडल्यावर एक लेबल छापून स्कॅन करा, झालं की या मेलला ‘ओके’ एवढं उत्तर द्या. अडलं तर काहीही काढू नका, आधी या नंबरवर फोन करा. इंग्रजीत चार साधी वाक्यं झाली, व्याकरण त्याचं आधीपासून बरंच होतं. सॉफ्ट स्किल्सच्या ट्रेनिंगमध्ये उच्चारांवर अख्खे दोन दिवस घालवतात, आणि हे कोणी शिकवत नाही याचा मला खरंच राग येतो.

घोटाळ्याचं मूळ कारण शोधायचा जो आरसीएचा फॉर्म असतो, त्यात कारण म्हणून ‘मानवी चूक’ भरा असा वरून आग्रह आहे, म्हणजे ती त्या पोराच्या नावावर जाणार. मी लिहिलंय, रोलबॅक करण्याआधी फोनवर खात्री करायची पायरी प्रोसेसमध्येच नव्हती, ना आमच्या, ना त्यांच्या. फॉर्म दोनदा परत आलाय, मी तेच वाक्य ठेवून पुन्हा पाठवलाय.