चिखलात गाडलेलं चेन लॉक

पावसाळाभर रत्नागिरीच्या आतल्या रस्त्यांवर गाडी फिरली की चेनवर जे साचतं त्याला नुसती घाण म्हणणं कमीच. लाल माती, बारीक वाळू आणि वरून ओतलेलं गियर ऑइल यांचा काळा लगदा होतो आणि ऊन लागलं की तो घट्ट बसतो. माझ्या दीडशे सीसीच्या गाडीच्या दोन-तीन कड्या अवघडल्या होत्या. स्प्रॉकेटवरून सुटल्यावरही त्या वाकलेल्याच राहायच्या. चेन काढून डिझेलमध्ये भिजवायची ठरवली, आणि त्यासाठी आधी चेन लॉक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी, उघडायला हवं होतं.

पण ते सापडेना. गाडी मेन स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली, किल्ली काढून खिशात टाकली आणि चाक हाताने फिरवत राहिलो. गियर टाकून इंजिनवर चाक फिरवणारे महाभाग पाहिलेत. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोट सापडलं तर ते जातंच, तेव्हा तो उद्योग नको. अखेर एका कडीची बाहेरची पट्टी बाकीच्यांपेक्षा जराशी फुगलेली दिसली. तिथे खडूने खूण केली.

क्लिप असलेल्या लॉकमध्ये दोन पिना असतात, पिनांच्या टोकाला बारीक खाच असते आणि त्या खाचेत पातळ पोलादी क्लिप अडकलेली असते. तिचं एक टोक गोल, बंद. दुसरं दोन पायांचं, उघडं. काढताना हे पाय आपल्या पिनेवरून बंद टोकाच्या दिशेने सरकवायचे असतात. म्हणजे उघडं टोक कुठलं हे कळल्याशिवाय हात लावण्यात अर्थ नाही, आणि माझ्यासमोर होता तो नुसता काळा ठिपका.

डिझेलमध्ये बुडवलेला जुना टूथब्रश फिरवला, वर डिझेलची चिंधी गुंडाळली आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच ठेवली. पेट्रोल मुद्दामच टाळलं, कारण ते लगेच उडून जातं आणि आगीची भीती वेगळीच. ओ-रिंगची चेन असेल तर ते रबरही खराब करतं. मग सायकलच्या स्पोकचं टोक घासून चपटं केलं आणि त्याने क्लिपच्या मधली फट कोरली. तिथला लगदा आख्खाच्या आख्खा निघाला, खरवसाच्या वडीसारखा. दोन्ही पिनांभोवतीची खाच स्वच्छ केल्यावर क्लिपचे पाय दिसले. घाईत हीच पायरी गाळली जाते. खाचेत वाळू असेल तर क्लिप सरकत नाही, मग माणूस जोर लावतो आणि क्लिप वाकते.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक तेवढ्यात डोकावला. “भाऊ, स्क्रू ड्रायव्हरने वर उचकटू नका हां, उडाली तर गटारात शोधाल,” एवढं सांगून गेला. बरोबरच होतं त्याचं.

लॉक मागच्या स्प्रॉकेटवर आणून ठेवलं. तिथे दोन्ही बाजूच्या कड्या दातांत बसलेल्या असतात, त्यामुळे लॉक निघालं तरी चेन एकदम खाली लोंबत नाही. एक्सल नट आणि ॲडजस्टर सैल करून चाक थोडं पुढे ढकललं, की पिनांवरचा ताण गेला. नोज प्लायरचा एक जबडा क्लिपच्या उघड्या टोकावर टेकवला, दुसरा त्याच पिनेच्या आतल्या अंगाला, म्हणजे दोन पिनांच्या मधल्या जागेत. वर चिंधी धरली आणि हळूहळू दाबलं. आधी काहीच हललं नाही. आणखी थोडं डिझेल सोडून पुन्हा दाबल्यावर ‘टक्’ आवाज आला आणि पाय पिनेवरून सुटले. मग क्लिप बोटांनीच निघाली.

बाहेरची पट्टी मात्र चिकटूनच होती. तिथे मात्र स्क्रू ड्रायव्हर चालतो, पण एकाच बाजूने नाही. एकदा या पिनेजवळ, एकदा त्या पिनेजवळ, असं आळीपाळीने केसभर उचलत गेलं की पट्टी सरळ वर येते. एकाच बाजूने रेटली तर तिरकी होऊन आणखी आवळते. पट्टी निघाल्यावर उरलेलं लॉक आतल्या बाजूने काढलं. चेन ओढायच्या आधी तिच्या टोकाला पडीक जुन्या चेनचा तुकडा त्याच लॉकने जोडला. आपली चेन बाहेर येते तसा तो पुढच्या स्प्रॉकेटवर जाऊन बसतो आणि परत घालताना पुढचं कव्हर उघडावं लागत नाही.

पिनांच्या टोकाला खाच नसेल आणि टोकं ठोकून पसरवलेली असतील, तर ते रिव्हेटचं लॉक. तिथे पक्कड घेऊन झटापट करू नये, चेन कटर लागतो.

बसवताना क्लिप नवी घेतली. एकदा ताणलेल्या क्लिपचे पाय पूर्वीसारखे आवळत नाहीत आणि नवं लॉक थोडक्या पैशांत मिळतं. बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. वरच्या पदरावर ते गाडीच्या तोंडाकडे येतं, खालच्या पदरावर मागे. उलटं बसलं तर एखादा खडा उघड्या टोकाला लागून क्लिप निसटू शकते. चेनचा ढिलेपणा पुस्तिकेप्रमाणे 20 ते 30 मिलिमीटर ठेवला, एक्सल नट आवळला, बाजारापर्यंत एक चक्कर मारली आणि परत आल्यावर क्लिपचे दोन्ही पाय खाचेत पूर्ण बसलेत ना, हे नखाने चाचपून पाहिलं.